अबोली म्हणजे नेमका कोणता रंग?

पळस्पे फाट्यावर मुंबई-पुणे रस्त्यापासून गोव्याचा रस्ता वेगळा होतो. त्या बाजूला घर पाहायला गेलेल्या कुणालाही आधी दाखवले जाते ते संगणकावर काढलेले चित्र, म्हणजे 'रेंडर'. चित्रात भिंत अबोली असते. तोच रंग घरी लावला की मात्र ती कधी फिकी, कधी विटकरीसारखी दिसते. दोष नेहमी रंगाऱ्याचाच नसतो.

बॉस्टनचे कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांना फुलाफळांवरून ठेवलेली रंगनामे खटकत. 1905 साली त्यांनी रंगछटा, उजळपणा आणि रंगाची तीव्रता अशा तीन मापांत रंग सांगण्याची पद्धत मांडली. अबोली, डाळिंबी, आमसुली हे शब्द मला प्रिय आहेत, पण दोन माणसांच्या डोळ्यांपुढे त्यांनी एकच छटा येत नाही, हे मान्य करावे लागते.

1931 मध्ये प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने कोणताही रंग तीन आकड्यांत मांडला. सोय झाली, पण काही हरवलेही. रंगाचा लेप कोणती तरंगलांबी किती परत पाठवतो ही सगळी हकिकत तीन आकड्यांत मावत नाही. म्हणून उन्हात जुळणारे दोन लेप ट्यूबलाइटखाली वेगळे दिसू शकतात. केवळ तीन आकड्यांवर चालणाऱ्या रेंडरला हा फरक कळतच नाही.

पडद्यांसाठी 1996 मध्ये sRGB हे मानक सुचवले गेले. त्यात 0 ते 255 हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. 128 म्हणजे पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश असे वाटते, पण प्रत्यक्षात तो सुमारे 22 टक्केच असतो; निम्म्यासाठी 188 लागतो. निम्मा प्रकाश परतवणाऱ्या करड्या रंगासाठी चित्रकाराने 128 लिहिला, तर चित्रातली भिंत खऱ्या लेपाहून बरीच काळवंडते.

आता समोरासमोरच्या दोन अबोली भिंती घ्या. समजा, लेप तांबड्या प्रकाशाचा 80 टक्के आणि निळ्याचा 40 टक्के भाग परतवतो. दोन भिंतींवरून आलेल्या प्रकाशात तांबडा 64 आणि निळा 16 टक्के उरतो. दुपटीचा फरक चौपट झाला! तळहाताएवढ्या नमुन्यात न दिसलेला भडकपणा खोलीत येतो तो असा. रात्री पिवळसर दिवा लागला की त्यात आणखी भर.

मग रंग प्रामाणिकपणे सांगायचा कसा? 'आयएस 5' या भारतीय मानकात रंगांना क्रमांक आहेत. उदाहरणार्थ, 538 म्हणजे टपालपेटीचा लाल. तसा क्रमांक किंवा उत्पादकाच्या रंगपत्रिकेतला क्रमांक द्यावा, लेप चकचकीत की मंद तेही लिहावे. आणि चित्राखाली एवढे हवे: 'रंग अंदाजे, दुपारचा प्रकाश धरून काढलेले चित्र. खरा रंग पत्रिकेतील क्रमांकाप्रमाणे. भिंतीवर हातभर चौकोनात दोन हात लावून, वाळल्यावर, दिवसा आणि रात्री दिव्याखाली पाहून पसंत करावा.'