वाहन-कॅमेऱ्याचे चित्रीकरण : पुरावामूल्य

वाहन-कॅमेऱ्याचे चित्रीकरण : वाहनाच्या पुढील काचेवरील डॅशकॅमने किंवा हातातील मोबाईलने टिपलेले दृश्य अपघातानंतर पुरावा म्हणून न्यायालयापुढे येते. हे दृश्य कसे स्वीकारावे, याचा आजचा दंडक जालन्यातील एका निवडणूक खटल्यातून आला.

खोतकर खटला : २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचे नामनिर्देशनपत्र दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतले गेले, असा गोरंट्याल यांचा आक्षेप होता. निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण हा त्यांचा पुरावा. पण त्यांच्या हाती आल्या त्या प्रती. अशा प्रतीसोबत भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र लागे. वारंवार मागूनही ते अधिकाऱ्यांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये अधिकाऱ्याच्या तोंडी साक्षीवर चित्रीकरण ग्राह्य धरून निवडणूक रद्द केली.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळले, मात्र कायदा अधिक काटेकोर केला. प्रत दाखल करायची तर लेखी प्रमाणपत्र अनिवार्य. तोंडी साक्ष त्याची जागा घेत नाही. मूळ उपकरणच हजर केले आणि ते आपले असून आपणच वापरतो, हे मालकाने साक्षीत सिद्ध केले, तर प्रमाणपत्र लागत नाही. उपकरण ज्याच्या ताब्यात आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते.

सध्याचा कायदा : १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : पहिला उपकरण सांभाळणाऱ्याने, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. दोन्हींत फाईलचे हॅश मूल्य नोंदवायचे असते. हे मूल्य म्हणजे फाईलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. फाईल जराशी बदलली तरी तीही बदलते.

व्यवहार : समजा, शेंद्रा औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडणाऱ्या ट्रकने मोटारीला बाजूने धडक दिली. डॅशकॅम काही मिनिटांचे तुकडे टिपतो आणि कार्ड भरले की जुन्यांवर नवे लिहितो. धक्क्याने तो तुकडा बहुधा राखून ठेवला जातो, पण धक्का हलका असेल तर तो पुसला जाऊ शकतो. म्हणून चित्रीकरण लगेच बंद करून कार्ड काढावे आणि पोलिसांना ते दिल्यास जप्ती पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्यावी. नातेवाइकाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत सहसा आकुंचित होते. तिचे हॅश मूल्य मूळ फाईलशी जुळत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असल्यास तो फरक जबाबातच सांगावा. उलटतपासणीत तो निघाला, तर सगळ्या चित्रीकरणावर संशय येतो.

वाहतूक पोलिसांशी वाद : अशा वादाच्या मोबाईल चित्रीकरणालाही हेच नियम लागू. वाद ठाण्यात पोहोचला आणि तिथे चित्रीकरण केले, तरी पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमाखालील निषिद्ध ठिकाण नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये ठरवले.