शासकीय खर्चकपात आणि आयएस-एलएम वक्र

सरकारने खर्च कमी केला की आयएस वक्र डावीकडे सरकतो. एलएम वक्र मात्र जागचा हलत नाही. जॉन हिक्स यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या या आकृतीत आडव्या अक्षावर उत्पन्न (Y) आणि उभ्या अक्षावर व्याजदर (r) असतो. आयएसवर वस्तूंच्या बाजाराचा समतोल असतो, एलएमवर पैशाच्या बाजाराचा.

टाळेबंदीच्या काळात, ४ मे २०२० रोजी, महाराष्ट्र शासनाने २०२०-२१ च्या विकासकामांचा निधी अर्थसंकल्पी तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला आणि नवी कामे थांबवली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत बांधकामाची सळई तयार होते. पूल आणि इमारती रखडल्या की सळईची मागणी घटते, कारखान्यातली मजुरी घटते, मग त्या मजुरीवर चालणारी दुकानेही मंदावतात. व्याजदर तोच असताना उत्पन्नाची ही साखळी-घसरण म्हणजेच आयएसचे सरकणे. ते कपातीएवढे नसते, कपात गुणिले गुणक इतके असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ (उत्पन्न कोटी रुपयांत). लोक वाढीव उत्पन्नाचा पाऊण हिस्सा खर्च करतात, म्हणून गुणक ४. सुरुवातीला आयएस Y = १९०० − १००r आणि एलएम Y = ७०० + १००r आहे. दोन्ही Y = १३००, r = ६ येथे छेदतात. खर्च ५० कोटींनी कापला की आयएस २०० ने डावीकडे येतो: Y = १७०० − १००r. नवा छेदबिंदू Y = १२००, r = ५.

वक्र २०० ने सरकला, पण उत्पन्न १०० नेच घटले. उत्पन्न कमी झाल्यावर व्यवहारांसाठी रोख कमी लागते. पैशाचा पुरवठा तेवढाच असल्याने व्याजदर उतरतो आणि स्वस्त कर्जामुळे खासगी गुंतवणूक २५ कोटींनी वाढते. आकृतीत ही एलएमवरूनच खाली झालेली वाटचाल आहे. विद्यार्थी इथे हमखास एलएमही सरकवतात, ते चूक. पैशाचा पुरवठा, किंमतपातळी किंवा रोख बाळगण्याची लोकांची पसंती बदलली तरच तो सरकतो. रिझर्व्ह बँकेने दर ६ टक्क्यांवरच रोखून धरायचे ठरवले, तर तिला पैसा आवळावा लागेल. तेव्हा एलएमही २०० ने डावीकडे जाईल आणि उत्पन्न थेट ११०० वर येईल.

जालन्याचा स्वतंत्र एलएम नाही. व्याजदर देशपातळीवर ठरतो आणि एका जिल्ह्याच्या मागणीने तो हलत नाही. म्हणून जिल्ह्यापुरता एलएम जवळपास आडवा धरावा लागतो, आणि व्याजदराचा दिलासा तिथे कपातीमुळे मिळत नाही. उलट, गुणक मात्र छोटा असतो, कारण खर्चाचा मोठा भाग जिल्ह्याबाहेरच्या मालावर जातो.

२०२० चे आकडे या आकृतीचा निर्णायक पुरावा ठरत नाहीत: टाळेबंदीनेच आयएस डावीकडे ढकलला होता, आणि २२ मे रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४.४० वरून ४ टक्क्यांवर आणला.