तेवीस टक्क्यांची घसरण, ब्याण्णव टक्क्यांचा तोटा

१९२९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, त्याची कथा बहुधा निर्देशांकाच्या भाषेत सांगितली जाते. शनिवारी, २६ ऑक्टोबरला बाजार बंद होताना डाऊ जोन्स निर्देशांक सुमारे २९९ होता. मंगळवारी, २९ तारखेला तो २३० झाला. म्हणजे घसरण सुमारे २३ टक्क्यांची. मग लोकांची सगळी पुंजी कशी गेली? याचे उत्तर दलालाच्या खातेवहीत सापडते.

त्या काळी शेअरच्या किमतीचा थोडा भाग स्वतः भरून उरलेला दलालाकडून कर्जाऊ घेण्याची रीत होती. शेअर दलालाकडेच तारण राहत. एक नमुना खाते घेऊ. कोणी १०,००० डॉलरचे शेअर घेतले. स्वतःचे २,५०० आणि कर्ज ७,५००. दलालाची अट अशी धरू, की शेअरच्या चालू किमतीच्या किमान २० टक्के रक्कम खातेदाराची असलीच पाहिजे.

नवखा माणूस समजतो, भाव २५ टक्के पडेपर्यंत आपण सुरक्षित आहोत. पण शेअरची किंमत ९,३७५ झाली की त्याचे उरतात १,८७५, म्हणजे बरोबर २० टक्के. सव्वासहा टक्क्यांच्या घसरणीतच तो काठावर येतो. भाव पडतो, कर्ज मात्र तसूभरही कमी होत नाही.

आता हे शेअर निर्देशांकाबरोबरच घसरले असे मानू. सोमवारी, २८ तारखेला किंमत सुमारे ८,७२० झाली. खातेदाराचे उरले १,२२०. हवे होते १,७४४. आणखी पैसे भरा, असा दलालाचा निरोप येतो. हाच मार्जिन कॉल. ५२४ डॉलर रोख भरायचे, नाहीतर कर्ज फेडून प्रमाण सावरण्यासाठी २,६२० डॉलरचे शेअर विकायचे. हजारो खात्यांतून अशी विक्री एकदम सुटली, की भाव आणखी पडतो आणि काल तरलेल्यांनाही निरोप जातात.

त्यात वेळही हाताशी नव्हता. २४ ऑक्टोबरला सुमारे १ कोटी २९ लाख शेअरची उलाढाल झाली आणि भाव छापणारी टिकरची फीत चार तासांच्या आसपास मागे पडली. आपले खाते बुडाले की तरले, हे दुपारी कोणालाच कळत नव्हते.

आपल्या खातेदाराने काहीच केले नाही आणि दलालही थांबला असे धरले, तरी मंगळवारी किंमत ७,७०० उरते. कर्ज वजा जाता हाती २०० डॉलर, तेही व्याज आणि दलाली धरण्यापूर्वी. बाजार २३ टक्के पडला. खाते ९२ टक्के रिकामे झाले.

१९३४च्या कायद्याने अशा कर्जाची मर्यादा ठरवण्याचा अधिकार अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हकडे गेला. भाव आता क्षणात कळतो, पण तितक्याच क्षणात दलालाची यंत्रणा शेअर विकूही शकते. खातेवहीतले गणित तेच आहे.