टीव्ही आडवा झाला त्या दिवसाचा घटनाक्रम

सकाळी ७. डोंबिवलीचं घर सोडून बदलापूरला जायचं. ४३ इंची टीव्ही अजून भिंतीवरच. त्याचा खोका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलेला. खरं काम पुठ्ठ्याचं नसतं, आतल्या थर्माकोलचं असतं. तो टीव्हीला कडांवर तोलून धरतो आणि काचेसमोर पोकळी राखतो.

सकाळी ९. दोघांनी कडा धरून टीव्ही उतरवला. ब्रॅकेटचे स्क्रू एका छोट्या पिशवीत भरले.

सकाळी १०. सुती चादर, तिच्यावर रजई. स्क्रू हरवू नयेत म्हणून मीच ती पिशवी रजईच्या घडीत सरकवली. ती पडद्याच्या बाजूला आहे, हे तेव्हा सुचलं नाही.

सकाळी ११. टेम्पोत टीव्ही कपाटाला टेकून उभा. इथवर ठीक होतं.

११:४०. फ्रीज चढेना. हमालानं टीव्ही उचलून गादीवर आडवा ठेवला, पडदा वर. "दादा, आडवा चालेल ना?" मी विचारलं. "गादीवर आहे, काय होतंय?" वर उशांचं गाठोडं आलं.

दुपारी १२. टेम्पो वाटेत. पॅनलची काच फार पातळ असते. उभी असताना ती आपलं वजन कडेवर पेलते. आडवी झाली की मधला भाग आधाराविना लवतो आणि प्रत्येक खड्ड्याला वरखाली होतो. आमच्या काचेवर तर गाठोड्याखाली स्क्रूंची पिशवीही रुतत होती.

दुपारी १. रजई सोडली. पडद्यावरून हात फिरवला, गुळगुळीत. टीव्ही लावला. आवाज आला, चित्राच्या डाव्या बाजूला मात्र शाई सांडल्यासारखा काळा डाग, आणि त्यातून निघालेलं रेषांचं जाळं. वरचा थर शाबूत, तडा आतल्या काचेला. जाळ्याचा मध्य नेमका पिशवी होती तिथे.

संध्याकाळी ५. मेकॅनिकनं पाहताक्षणी सांगितलं, पॅनल बदलावं लागेल, आणि त्याचा खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा. आदळआपटीनं झालेलं नुकसान वॉरंटीत बसलं नाही. निघण्यापूर्वी चालू टीव्हीचा फोटोही काढलेला नव्हता, त्यामुळे टेम्पोवाल्याकडे दाखवायला काही नव्हतं.

पुढच्या महिन्यात ताईचा ५५ इंची टीव्ही हलवला, तोही खोक्याशिवाय. आधी चालू करून फोटो काढला. पाय काढले. सुती चादर गुंडाळली, चारही कडांवर टॉवेलच्या जाड घड्या टोपीसारख्या बसवल्या, आणि त्यांच्यावर पडद्यापेक्षा मोठा जाड पुठ्ठा टेकवला, म्हणजे काचेसमोर पोकळी राहिली. चिकटपट्टी फक्त मागून. स्क्रू खिशात. टेम्पोत दोन गाद्यांच्या मध्ये उभा, दोरी गाद्यांवरून, तीही करकचून नाही. तो टीव्ही आजही चालतोय.

तुमच्या घरचा टीव्ही निघेल तेव्हा तो सगळ्यात शेवटी चढवा, आणि उभा आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय टेम्पोचं फाळकं लावू देऊ नका.