पानाच्या तळाची रेघ

कादंबरी हाती आली म्हणजे प्रस्तावना ओलांडून एकदम पहिल्या प्रकरणास भिडावयाचे, ही बहुतेक वाचकांची रीत आहे. शेवटच्या शब्दसूचीकडे कोणी वळलाच तर अडल्यावर वळतो, आणि तळटीप ही तर पुष्कळांस वाटेतील खड्यासारखी वाटते. स्वभाषेतील कादंबरीपुरती ही रीत चालून जाते. भाषांतरित कादंबरीत मात्र तिने कधी कधी मोठीच फसगत होते. टॉल्स्टॉयची 'युद्ध आणि शांती' ही कादंबरी याचे उत्तम उदाहरण होय, कारण तिच्या पानाच्या तळाची रेघ प्रथम भाषांतरकाराने ओढलेलीच नव्हे. ती मूळ ग्रंथातच आहे.

कादंबरीचा आरंभ आठवावा. १८०५ सालचा जुलै महिना. पीटर्सबर्ग शहरातील राजदरबाराच्या मर्जीतली एक प्रौढ कुमारिका, अॅना पाव्हलोव्ह्ना शेरर, आपल्या दिवाणखान्यात प्रिन्स व्हॅसिली यांचे स्वागत करीत आहे. जिनोआ आणि लुका ही संस्थाने बोनापार्टच्या घराण्याची खाजगी जहागीर होऊन बसली, असे म्हणून ती नेपोलियनवर तोंडसुख घेते. परंतु हे ती कोणत्या भाषेत बोलते? फ्रेंचमध्ये! रशियन राष्ट्राच्या या महाकादंबरीचे पहिले वाक्य रशियन नाही. फ्रेंच बादशहास शिव्याशाप द्यावयाचे तेही त्याच्याच भाषेत, कारण उच्चकुलीन रशियनास घरात बोलावयास तीच भाषा सोयीची. आपल्याकडे परक्या राज्यावरची टीका त्याच राज्याच्या भाषेत ज्यांनी ऐकली असेल, त्यांस या प्रसंगातील गंमत समजावून सांगावयास नको.

१८६८-६९ साली ग्रंथरूपाने कादंबरी निघाली, तेव्हा पानावर फ्रेंच मजकूर वर आणि त्याचा रशियन अर्थ रेघेखाली, अशी मांडणी होती. त्यामुळे एकाच पुस्तकाचे दोन प्रकारचे वाचक झाले. ज्यास फ्रेंच येत होते, तो त्या दिवाणखान्यात आमंत्रित पाहुण्याप्रमाणे बसला. ज्यास येत नव्हते, त्याची दृष्टी प्रत्येक संभाषणापाशी खाली वाकली, आणि आपण या मंडळींपैकी नव्हे, हे त्यास पानोपानी कळत राहिले. एकंदर ग्रंथात फ्रेंच मजकूर सुमारे दोन टक्केच भरतो. पण आरंभीच्या प्रकरणांत तो दाट आहे, आणि वाचकाची जागा तेथेच ठरते.

टीकाकारांस हे रुचले नाही. रशियन ग्रंथात माणसे अर्धवट रशियन, अर्धवट फ्रेंच का बोलतात, असा त्यांचा आक्षेप. टॉल्स्टॉयने १८६८ साली 'रुस्की आर्खिव्ह' या मासिकात त्यास उत्तर दिले. तसबिरीतील चेहऱ्यावर नाकाखाली छाया रंगविलेली असते. ती पाहून, खऱ्या चेहऱ्यावर असा काळा डाग नसतो, असे म्हणणाऱ्या माणसासारखा हा आक्षेप आहे, अशा आशयाचे ते उत्तर होते. फ्रेंच भाषा ही त्याच्या चित्रातील छाया होती. उत्तर तर चोख! परंतु पुढे १८७३ च्या आवृत्तीत त्यानेच ही छाया पुसून टाकली. फ्रेंच संभाषणे रशियनमध्ये केली आणि इतिहासविषयक चिंतनाची प्रकरणे उचलून शेवटी नेली. १८८६ साली निघालेल्या आवृत्तीत फ्रेंच पुन्हा आपल्या जागी आले. त्या आवृत्तीचे काम टॉल्स्टॉयच्या पत्नी सोफिया यांच्या हातून झाले. तेव्हा 'मूळ' म्हणून भाषांतरकाराने समोर ठेवावयाचे ते कोणते पुस्तक? या एका प्रश्नाचे उत्तर प्रस्तावनेत सापडले नाही, तर ती प्रस्तावना कितीही गोड असो, तिने आपले मुख्य काम केले नाही असेच म्हटले पाहिजे.

इंग्रजी वाचकाचे दैव या बाबतीत विचित्र. १८८६ साली क्लारा बेल यांनी केलेले पहिले इंग्रजी भाषांतर मुळी रशियनवरून नव्हे, तर १८७९ च्या फ्रेंच भाषांतरावरून झालेले होते. फ्रेंच भाषांतरात सारेच फ्रेंच. तेथे शेतकरी आणि सरदार एकच भाषा बोलणार. त्यावरून उतरलेल्या इंग्रजीत छाया राहावी कशी?

पुढे १९२२-२३ मध्ये लुईस व एल्मर मॉड या दांपत्याचे भाषांतर आले, आणि मराठी घरांतून ही कादंबरी ज्यांनी वाचली त्यांतील अनेकांनी ती याच रूपात वाचली असेल. दोघांचे रशियात दीर्घ वास्तव्य झालेले, टॉल्स्टॉयशी प्रत्यक्ष परिचय. त्यांनी अॅना पाव्हलोव्ह्नाचे पहिले वाक्य सरळ इंग्रजीत आणले. नावेही इंग्रजी वळणाची केली: आंद्रेईचा अँड्र्यू, निकोलायचा निकोलस, मार्याची मेरी. वाचन यामुळे सुलभ झाले यात शंका नाही. पण त्याच दांपत्याने एका ठिकाणी फ्रेंच शब्द हलविले नाहीत. वर तसेच ठेवून खाली रेघ ओढली आणि अर्थ दिला. तो प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे.

पियेर बेझुखोव हा अचानक अफाट संपत्तीचा धनी झालेला, भोळा, चष्मेवाला तरुण. प्रिन्स व्हॅसिलीस आपली रूपवती कन्या हेलन त्याच्या गळ्यात बांधावयाची आहे. पियेर काही केल्या मागणी घालीत नाही. शेवटी प्रिन्स आत शिरतो आणि जणू मागणी झालीच, अशा थाटात दोघांस आलिंगन देऊन आशीर्वाद देतो. मग दोघे एकटे उरतात. अशा वेळी काहीतरी विशेष बोलावयाचे असते, एवढे पियेरला ठाऊक आहे. पण काय, ते आठवत नाही. ती त्यास चष्मा काढावयास सांगते. आता फार उशीर झाला, असे त्याच्या मनात येते, आणि मग तो आठवून आठवून प्रेमाची कबुली देणारे तीन फ्रेंच शब्द उच्चारतो. ते शब्द इतके पोकळ वाजतात की त्याची त्यालाच लाज वाटते.

हे शब्द इंग्रजीत घातले तर अर्थात काही उणे पडत नाही. उणे पडते ते निराळेच. पियेरने ते शब्द मनातून काढलेले नाहीत; दिवाणखान्यात टांगलेल्या तयार पोशाखासारखे उचलून अंगावर चढविले आहेत. आणि गोष्ट येथे संपत नाही. पुढच्या भागात पत्नीच्या कथित प्रियकराशी, डोलोखोवशी, द्वंद्वयुद्ध झाल्यावर पियेर रात्रभर स्वतःस दोष देत बसतो, तेव्हा त्याच्या मनात तेच तीन फ्रेंच शब्द परत येतात: ते आपण का बोललो? ते खोटे होते. ज्या वाचकाने पहिल्या वेळी रेघेखाली पाहून अर्थ घेतला आणि पुन्हा वर येऊन ते परके शब्द डोळ्यांत साठविले, त्यास ही पुनरुक्ती एकदम ओळखू येते. ज्याच्या प्रतीत दोन्ही ठिकाणी साधी इंग्रजी आहे, त्यास एक पश्चात्तापी नवरा दिसतो. तोही खराच, पण अर्धा.

तळटिपेची शक्ती मात्र येथवरच. १८१२ साली नेपोलियन मॉस्कोकडे चाल करून येतो, तेव्हा तेथील उच्चभ्रू समाजास स्वदेशाभिमानाचे भरते येते. ज्यूली या श्रीमंत स्त्रीच्या बैठकीत नियम होतो की सर्वांनी रशियनच बोलावयाचे. फ्रेंच शब्द तोंडून निसटला तर स्वेच्छावर्गणी समितीस दंड भरावयाचा. दंडावर दंड पडतात. फ्रेंच शब्दाचा दंड एक वेळ समजतो. पण ज्यूली रशियन शब्द वापरूनही वाक्याची घडण फ्रेंच ठेवते आणि त्याबद्दलही तिला दंड मागितला जातो. आपणाजवळ शिक्षक ठेवून रशियन शिकावयास ना पैसा ना वेळ, असे ती उत्तर देते. ही चूक भाषांतरात दाखवावी कशी? इंग्रजी वाक्य मुद्दाम वाकडे केले, तर वाचक भाषांतरकारासच अनाडी ठरवितो. सरळ केले तर विनोद मरतो. खाली 'मुळात फ्रेंच वळण' अशी टीप दिली, तर विनोद होता एवढे कळते. हसू काही येत नाही. येथे टीपकाराचा नाइलाज मान्य करावा हेच बरे.

याउलट काही टिपा रुक्ष दिसूनही अत्यंत उपयोगाच्या असतात. बोरोडिनोच्या लढाईची तारीख कादंबरीत २६ ऑगस्ट येते आणि इतिहासाच्या पुस्तकात ७ सप्टेंबर. टॉल्स्टॉय चुकला असे वाटून एखादा विद्यार्थी पानाच्या समासात उद्गारचिन्हही काढील. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालू होती आणि एकोणिसाव्या शतकात ती बारा दिवसांनी मागे होती, ही एका ओळीची टीप त्याचे समाधान करते. तसेच व्हर्स्ट हे अंतर. ते एक किलोमीटरहून किंचित अधिक, हे शब्दसूचीत एकदा पाहिले की सैन्याच्या मजला डोळ्यांसमोर उभ्या राहतात. नावांच्या यादीची गोष्ट मात्र निराळी. एकाच माणसास कधी स्वतःच्या नावाने, कधी बापाच्या नावासह, कधी लाडक्या नावाने हाक मारतात, म्हणून यादी हवीच. पण त्या यादीत घराण्यांबरोबर पुढे होणारे विवाहही कोणी छापतात, आणि ऐतिहासिक टिपांत सेनापती बाग्राशनचा शेवट बोरोडिनोच्या जखमेने झाला हे आधीच कळून जाते. अशी यादी अडल्यावरच उघडावी. आणि ज्या प्रस्तावनेत कथानकाचा उलगडा आहे, तिचा भाषेविषयीचा भाग आधी व बाकीचा शेवटी वाचावा.

अलीकडच्या भाषांतरांत हा वाद मिटलेला नाही. २००५ साली अँथनी ब्रिग्ज यांनी फ्रेंच सर्व इंग्रजीत आणले. २००७ साली पेव्हिअर व व्होलोखोन्स्की यांनी पहिल्या वाक्यापासून फ्रेंच वर, अर्थ खाली, अशी जुनी मांडणी परत आणली. आणि २०१० साली तर खुद्द मॉड दांपत्याच्या भाषांतराचीच एमी मँडेलकर यांनी सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत फ्रेंच मजकूर पुन्हा बसविलेला आहे आणि अँड्र्यूचा आंद्रेई झालेला आहे. आपल्या हाती कोणते पुस्तक आहे, हे पहिले पान उघडून एका क्षणात पाहता येते: जिनोआ आणि लुका यांचे वाक्य कोणत्या भाषेत आहे?

खरी पंचाईत फ्रेंच वाचकाची. पियेरचे ते तीन शब्द त्याच्या पुस्तकात आजूबाजूच्या मजकुरात मिसळून जातात. खाली द्यावयास अर्थही नाही. म्हणून अनेक फ्रेंच आवृत्त्यांत असा मजकूर तिरप्या टायपात छापतात किंवा 'मुळात फ्रेंच' असा शेरा देतात. त्या तिरप्या टायपाचा अर्थ आरंभीच्या निवेदनात सांगितलेला असतो. ते निवेदन ज्याने वगळले, तो समजतो की पियेरने ते शब्द जरा जोर देऊन उच्चारले.