मुलगी इंग्रजी शाळेत, मुलगा मराठी शाळेत

एकाच घरातली दोन भावंडं. मुलगी इंग्रजी माध्यमात आणि मुलगा मराठी माध्यमात. १९९० च्या दशकात दादर परिसरातल्या कष्टकरी घरांत असं चित्र दिसू लागलं होतं. आपल्याकडे चांगली शाळा आधी मुलाला मिळते, मग इथे उलटं का झालं?

त्यासाठी गिरणीच्या गेटवर जावं लागेल. मुंबईच्या गिरण्यांत जाहिरात वाचून नोकरी लागत नसे. खात्यातला जॉबर माणसं भरायचा, आणि तो भरायचा आपल्या गावची, आपल्या जातीची, ओळखीची. काका पुतण्याला घेऊन यायचा, पोरगा आधी 'बदली' म्हणून लागायचा आणि मग कायम व्हायचा. गोदीत, कारखान्यांतही ओळखच चालायची. अशा कामाला इंग्रजी कशाला हवं? मराठी शाळेत चार इयत्ता झाल्या की पुरे. गरिबाच्या पोराला ही ओळख म्हणजे मोठा आधार होता.

पण ही शिडी फक्त मुलांसाठी होती. मुलींना तिथे कुणी चिकटवत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बऱ्याच जणांना परत कामावर जाताच आलं नाही. पुढे १९९१ नंतर बँका, ऑफिसं, सेवा क्षेत्र वाढलं आणि इंग्रजीला भाव आला.

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादरच्या शाळांत १९८२ ते २००१ या काळात दाखल झालेल्या मुलांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या जातींची माणसं पिढ्यान् पिढ्या अशा ओळखीच्या कामात होती, त्यांचे मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. मुली मात्र इंग्रजीकडे वळल्या. माध्यमाच्या बाबतीत जातीजातींतलं अंतर मुलींमध्ये कमी झालं, मुलांमध्ये तसंच राहिलं.

यात आईबाप अडाणी होते असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्यांनी डोळ्यांसमोरची खात्रीची वाट धरली. शिवाय ओळखीचं जाळं टिकतं ते सगळे त्यात राहिले तरच. एकेक जण बाहेर पडला, तर मागे राहिलेल्यांचा आधार जातो. आणि माध्यम ठरतं पहिलीत. नोकरीचा बाजार कळतो पंधरा वर्षांनी. तोवर मागे फिरता येत नाही.

हा एका भागाचा अभ्यास आहे, आणि इंग्रजी माध्यम म्हणजे जादूची कांडी नाही. पण एक गोष्ट कळते. गरिबाचं पोर शाळेमुळे वर चढेल की नाही, हे एकट्या शाळेवर ठरत नाही. बापाला नोकरी कशी लागली होती, त्यावरही ठरतं.

तुमच्या घरात बहीण-भावाची शाळा कशी ठरली होती? आठवून बघा.