बर्नुलीचं हट्टी समीकरण आणि ऑयलरच्या चार पायऱ्या

आज मी तुम्हाला एका हट्टी समीकरणाची गोष्ट सांगणार आहे. दिसायला ते अगदी साधं आहे:

dy/dx = x² + y²

म्हणजे वक्राचा कुठल्याही बिंदूवरचा चढ हवा असेल, तर त्या बिंदूच्या x आणि y चे वर्ग करून बेरीज करायची. १६९४ मध्ये योहान बर्नुलीने हे समीकरण मांडलं, पण त्याला ते सुटलं नाही. त्याचा थोरला भाऊ याकोब याने १७०३ मध्ये लाइब्निझला पत्रातून उत्तर कळवलं, तेही अनंत श्रेणीच्या रूपात. नेहमीच्या फलांमध्ये याचं उत्तर लिहिताच येत नाही, हे लिउविलने १८४१ मध्ये सिद्ध केलं.

मग सूत्र नसताना उत्तर काढायचं कसं? योहानचाच शिष्य लिओनार्ड ऑयलर याने १७६८ मध्ये समाकलनावरच्या आपल्या ग्रंथात एक सामान्य रीत दिली. समीकरण आपल्याला वक्र देत नाही, पण प्रत्येक बिंदूवरचा चढ देतं. तर मग त्या चढाच्या सरळ रेषेवरून, म्हणजे स्पर्शिकेवरून, थोडं पुढे जायचं. नव्या जागी पोहोचलं की तिथला चढ नव्याने काढायचा आणि पुन्हा तेवढंच पुढे जायचं.

आपण कागद-पेन्सिल घेऊन करून पाहू. x = ० असताना y = ० आहे, आणि x = १ असताना y किती, हे हवंय. पायरीची रुंदी ०.२५ घेऊ, म्हणजे चार पायऱ्या होतील.

पहिली पायरी: सुरुवातीला चढ शून्य, म्हणून x = ०.२५ ला y शून्यच राहतो.
दुसरी: इथे चढ ०.०६२५. त्याला ०.२५ ने गुणलं की वाढ ०.०१५६. y = ०.०१५६.
तिसरी: x = ०.५ ला चढ ०.२५०२, वाढ ०.०६२६. y = ०.०७८२.
चौथी: x = ०.७५ ला चढ ०.५६८६, वाढ ०.१४२२. y = ०.२२०३.

याकोबच्या श्रेणीने खरं उत्तर येतं ०.३५०२. आपण बरेच खाली राहिलो, आणि ते योगायोगाने नाही. हा वक्र वरच्या बाजूला वळत जातो, चढ सतत वाढतो. आपण मात्र पायरीच्या सुरुवातीचा, म्हणजे सर्वांत कमी चढ, पायरीभर वापरतो. त्यामुळे प्रत्येक पायरीला थोडी तूट पडते आणि ती पुढच्या पायरीत सोबत येते.

पण श्रेणी हाताशी नसेल, तर ही तूट ओळखायची कशी? पायरीची रुंदी बदलून बघायचं. हाच हिशेब ०.५ च्या दोनच पायऱ्यांत केला, तर ०.१२५ येतं. रुंदी निम्मी केल्यावर उत्तर ०.१२५ वरून ०.२२०३ वर गेलं. इतका फरक पडतोय, म्हणजे अजून पहिल्या दशांश स्थळाचाही भरवसा नाही. रुंदी पुरेशी लहान झाली की चूक रुंदीच्या प्रमाणात घटते, म्हणजे पायऱ्या दुप्पट केल्या की चूक साधारण निम्मी. ऑयलरनेही बजावलं होतं की पायऱ्या जितक्या लहान तितकं उत्तर अचूक, पण पायऱ्यांची संख्या वाढली की बारीक चुका साठतात.

याहून मोठा धोका पुढे आहे. याच समीकरणात आणखी पुढे चालत गेलो, तर खरा वक्र x = २.००३ च्या आसपास अनंताकडे झेपावतो. त्यापलीकडे हे उत्तर अस्तित्वातच नाही. आपली रीत मात्र तिथे थांबत नाही. x = २.५ ला ०.५ ची पायरी सांगते ५.९, आणि ०.२५ ची पायरी सांगते १९.५. दोन्ही आकडे निरर्थक आहेत. खूण हीच, की रुंदी कमी करताना आकडे एकमेकांजवळ येण्याऐवजी उसळत जातात. असं दिसलं की समजायचं, वक्र मागेच कुठेतरी निसटला.

शेवटी एक सुधारणा. १८९५ मध्ये कार्ल रुंगे याने सुचवलं की पायरीच्या सुरुवातीचा चढ घेऊन आधी फक्त अर्ध्यापर्यंत जा, तिथला चढ मोजा, आणि तो घेऊन पूर्ण पायरी टाका. आपल्या समीकरणात ०.५ च्या दोन पायऱ्या अशा टाकल्या, तर चढ चारदाच काढावा लागतो, म्हणजे मेहनत मघाइतकीच. उत्तर मात्र येतं ०.३१६९. मघाची तूट ०.१३ होती, आता ०.०३३ उरली. चढ पायरीच्या तोंडाशी न मोजता मध्यावर मोजला, एवढाच काय तो फरक.